उणे अडीचची रेघ

हाडांच्या घनतेचा रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण थेट शेवटची ओळ वाचतात. तिथे ‘नॉर्मल’, ‘ऑस्टिओपेनिया’ किंवा ‘ऑस्टिओपोरोसिस’ यांपैकी एक शब्द असतो आणि घरातल्यांची काळजी तेवढ्यावर ठरते. पण हा शब्द ज्या आकड्यांवरून येतो ते वरच्या तक्त्यात असतात, आणि कधीकधी तक्ता एक सांगतो नि शेवटची ओळ दुसरंच.

नमुन्यादाखल अडुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा रिपोर्ट घेऊ. बाई काल्पनिक, पण आकडे अशा वयात नेहमी दिसणारे. पाळी जाऊन अठरा वर्षं झालेली, गुडघे दुखतात, कंबर धरते. दोन वर्षांपूर्वी ओल्या फरशीवर पाय घसरून मनगट मोडलं होतं. रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांचा, म्हणजे एल-१ ते एल-४ यांचा, एकत्रित टी-स्कोर उणे १.२ आहे. मांडीचं हाड खुब्याशी जिथे अरुंद होतं त्या मानेचा टी-स्कोर उणे २.२ आणि संपूर्ण खुब्याचा उणे १.८. मानेचा झेड-स्कोर उणे ०.७. शेवटची ओळ: ऑस्टिओपेनिया.

ही तपासणी डेक्सा यंत्रावर होते. बाई टेबलावर पडून राहतात आणि यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे अगदी सौम्य क्ष-किरण त्यांच्या शरीरातून पाठवतं. हाड आणि मांस या दोन ऊर्जा निरनिराळ्या प्रमाणात अडवतात. त्या फरकावरून हाडातलं खनिज वेगळं काढता येतं. हे खनिज भागिले हाडाच्या सावलीचं क्षेत्रफळ म्हणजे घनता, दर चौरस सेंटिमीटरला ग्रॅममध्ये. लक्षात घ्यायचं ते हे की यंत्राला हाडाची जाडी दिसत नाही. त्यामुळे लहान चणीच्या बाईचं हाड तेवढंच भरीव असूनही मापात थोडं हलकं भरतं.

शिक्षिकाबाईंच्या मानेची घनता ०.५९४ ग्रॅम आहे. या आकड्याला एकट्याला काही अर्थ नाही, तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. टी-स्कोरसाठी तो विशीतल्या निरोगी तरुणींच्या सरासरीशी ताडतात. बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा संदर्भ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या वीस ते एकोणतीस वर्षांच्या गोऱ्या स्त्रियांचा आहे. एका प्रचलित यंत्राच्या मापात त्यांच्या मानेची सरासरी घनता ०.८५८ आणि प्रमाण विचलन ०.१२० आहे. प्रमाण विचलन म्हणजे त्या तरुणींमध्ये आपापसात जो नेहमीचा फरक असतो त्याचं माप. आता ०.५९४ मधून ०.८५८ वजा केले की उणे ०.२६४ येतात; त्यांना ०.१२० ने भागलं की उणे २.२. टी-स्कोर म्हणजे एवढंच गणित. आकड्यामागे उणे असल्याने उणे ३ हा उणे २ पेक्षा वाईट, हे घरातल्या एकाने तरी मोठ्याने सांगायला हवं, कारण घाईत नेमकं उलट वाचलं जातं.

रेघ कुठे मारायची हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये ठरवलं. उणे १ आणि त्यावर असेल तर नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ यांच्या मध्ये असेल तर ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं तर ऑस्टिओपोरोसिस. शिवाय किरकोळ धक्क्याने हाड मोडलेलं असेल तर तो तीव्र ऑस्टिओपोरोसिस. उणे २.५ या ठिकाणी हाडात काही अचानक घडत नाही. या रेघेखाली पाळी गेलेल्या सुमारे तीस टक्के गोऱ्या स्त्रिया येत होत्या, आणि अशा सगळ्याच स्त्रियांत उरलेल्या आयुष्यात मणका, खुबा किंवा मनगट मोडण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच होतं. म्हणजे रेघ मुळात लोकसंख्येच्या पाहणीसाठी आखलेली होती. दवाखान्यातल्या एकेकट्या बाईवर तिचा शिक्का नंतर बसू लागला. उणे २.४ आणि उणे २.६ या दोन बायांच्या हाडांत जवळजवळ काहीच फरक नसतो. कागदावर मात्र एकीला आजार असतो आणि दुसरीला नसतो.

झेड-स्कोरची तुलना वेगळ्या गटाशी होते. इथे अडुसष्ट वर्षांच्या बाईला तिच्याच वयाच्या बायकांच्या सरासरीशी ताडतात. शिक्षिकाबाईंचा झेड-स्कोर उणे ०.७ आला, म्हणजे समवयस्क मैत्रिणींच्या तुलनेत त्यांचं हाड थोडंसंच कमी. इथेच घरी गैरसमज होतो: “वयाच्या मानाने बरं आहे ना, मग कशाला काळजी?” पण पाळी गेल्यावर सगळ्यांचीच हाडं झिजतात. ऐंशीच्या आसपास सरासरी बाईच्या मानेचा टी-स्कोरही उणे २ च्या आसपास गेलेला असतो. झेड-स्कोर शून्य असलेली बाईही खुबा मोडून घेऊ शकते, कारण हाडाला किती भार सोसेल हे मैत्रिणींच्या हाडांवरून ठरत नाही. म्हणून पाळी गेलेल्या स्त्रीचं निदान टी-स्कोरवरच करतात.

मग झेड-स्कोर छापतात कशाला? तो कारण शोधायला उपयोगी पडतो. तो उणे २ किंवा त्याहून खाली असेल तर ही झीज वयाच्या मानानेही जास्त आहे आणि निव्वळ पाळी जाण्यावर तिचं खापर फोडता येत नाही. अशा वेळी डॉक्टर दुसरं काही शोधू लागतात: दम्यासाठी वा संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइडचा अतिरेक, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींची गाठ, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिॲक आजार, मूत्रपिंडाचे विकार, आणि क्वचित मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता या यादीत वरच्या जागी हवी. ती दीर्घकाळ राहिली तर हाडात खनिज नीट बसतच नाही. डेक्साला हे मऊ पडलेलं हाड आणि ऑस्टिओपोरोसिसचं विरळ हाड यांतला भेद कळत नाही. दोन्हींत घनता कमीच भरते. म्हणून औषध सुरू करण्याआधी रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासतात. ते कमी असताना झीज रोखणारं इंजेक्शन दिलं तर कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं.

आता पुन्हा शिक्षिकाबाईंच्या मणक्यांकडे. चार मणक्यांचा एकत्रित टी-स्कोर उणे १.२ होता, खुब्यापेक्षा बराच चांगला. पण तक्त्यात प्रत्येक मणक्याचा वेगळा आकडाही असतो आणि तो फार कमी लोक वाचतात. एल-१ उणे २.६, एल-२ उणे २.४, एल-३ उणे ०.७, एल-४ अधिक ०.४. एकाच पाठीत दोन कमकुवत मणके आणि त्यांच्या लगेच खाली दोन मजबूत? हाडं अशी अचानक सुधारत नाहीत. साठी ओलांडलेल्या कमरेत खालच्या मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं वाढतात, सांधे जाड होतात, आणि यंत्र ते सगळं खनिज ‘चांगलं हाड’ म्हणून मोजतं. मणक्यापुढून जाणाऱ्या महाधमनीत साचलेला चुनाही त्यात भर घालतो. दबलेला मणकासुद्धा जास्त घन दिसतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत कोंबलं जातं. म्हणजे मोडलेलं हाड रिपोर्टमध्ये मजबूत ठरतं! म्हणून नियम असा की शेजारच्या मणक्यापेक्षा टी-स्कोरमध्ये एकाहून जास्त फरक असलेला मणका वगळायचा, मात्र किमान दोन तरी उरायला हवेत. इथे एल-३ आणि एल-४ वगळले की उरलेल्या दोघांचा टी-स्कोर उणे २.५ येतो. निदानासाठी मणके, मान आणि संपूर्ण खुबा यांतला सर्वांत कमी आकडा धरतात. म्हणजे बाईंना ऑस्टिओपोरोसिस आहे. मणके वगळायचे राहिले, तर रिपोर्टच्या शेवटच्या ओळीतला शब्द चुकला.

मणके असे निरुपयोगी ठरले किंवा खुब्यात कृत्रिम सांधा असेल तर हाताच्या पुढच्या हाडाची तपासणी करतात. टाचेला छोटं यंत्र लावून शिबिरात फुकट होणारी तपासणी ही वेगळी गोष्ट. ती ध्वनिलहरींवर चालते आणि तिच्या टी-स्कोरला १९९४ च्या या रेघा लागू होत नाहीत. शिबिरात ‘उणे ३’ ऐकून घाबरण्याचं कारण नाही. डेक्सा करून घेण्याचं मात्र आहे.

आणखी एक ओळ पाहावी, ती बहुधा तळाशी बारीक अक्षरांत असते: तुलना कोणत्या लोकसंख्येशी केली? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये भारतीयांसाठी स्वतंत्र संदर्भ आकडे दिले. आपल्या तरुणींची सरासरी पाश्चात्त्य तरुणींपेक्षा कमी असल्याने भारतीय संदर्भ घेतला की तोच टी-स्कोर सुधारतो, आणि एकच बाई एका केंद्रात ऑस्टिओपोरोसिसची तर दुसऱ्यात ऑस्टिओपेनियाची ठरते. लहान चणीमुळे घनता कमी भरणाऱ्या भारतीय बाईला पाश्चात्त्य मापाने तोलणं तिच्यावर अन्याय आहे, असं काही तज्ज्ञ म्हणतात. आंतरराष्ट्रीय संस्था मात्र सर्व देशांतल्या स्त्रियांसाठी एकच संदर्भ सुचवतात. वाद मिटलेला नाही. निदान दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना संदर्भ एकच आहे ना, हे तरी बघावं.

उणे २.५ न गाठलेल्या बायका सुरक्षित असतात, असंही नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या मोठ्या संख्येच्या स्त्रियांच्या पाहणीत हाड मोडलेल्यांपैकी ८२ टक्के स्त्रियांचा टी-स्कोर उणे २.५ च्या वर होता. रेघेच्या वरच्या भागात बायकाच इतक्या जास्त असतात की प्रत्येकीचा धोका कमी असूनही बेरीज मोठी होते. म्हणून घनतेबरोबर वय, वजन, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टेरॉइड आणि आधीचं फ्रॅक्चर यांचा हिशेब करून पुढच्या दहा वर्षांतला धोका सांगणारं ‘फ्रॅक्स’ हे गणित २००८ पासून वापरतात. त्यात भारतासाठीची आवृत्तीही आहे. शिक्षिकाबाईंच्या बाबतीत मनगटाचं जुनं फ्रॅक्चर यात मोठं वजन टाकतं. उंची चार-पाच सेंटिमीटर घटली असेल तर पाठीचा साधा एक्स-रेही काढतात, कारण बरेच मणके गाजावाजा न करता दबतात आणि बाई फक्त ‘वयाने वाकलेय’ म्हणत राहते.

उपचार सुरू झाल्यावर साधारण एक-दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन होतो. समजा तेव्हा मानेची घनता ०.५९४ वरून ०.५७५ वर आली. हा फरक सुमारे तीन टक्के. पण त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, बाईंना उठवून पुन्हा झोपवलं तरी मापात थोडा फरक पडतोच. म्हणून प्रत्येक केंद्राने आपली चूक मोजून ठेवायची असते. त्यावरून निघणारा, खरा बदल मानता येईल असा किमान फरक मानेच्या बाबतीत फार तर ६.९ टक्के आणि मणक्यांच्या बाबतीत ५.३ टक्के चालतो. एखाद्या केंद्राचा आकडा त्या मर्यादेच्या जवळ असेल, तर तीन टक्क्यांवरून औषध लागू पडत नाही असं म्हणता येत नाही. दुसरा स्कॅन वेगळ्या कंपनीच्या यंत्रावर झाला असेल तर ही तुलना करताच येत नाही, कारण तेच हाड दोन यंत्रं वेगवेगळ्या आकड्यांत मोजतात. म्हणून दुसऱ्या वेळीही त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर जावं आणि पहिल्या स्कॅनचा मणक्यागणिक तक्ता असलेला पूर्ण कागद बरोबर न्यावा, म्हणजे एल-३ आणि एल-४ या वेळीही वगळले जातील.