निळ्या रिलेखालची फट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पाच व्होल्टचा रिले मागितला, तर दुकानदार बहुधा एक निळी चौकोनी डबी काउंटरवर ठेवतो. डबीवर `SRD-05VDC-SL-C` असे छापलेले असते. आत एक कॉइल असते. तिला पाच व्होल्ट दिले की ती सुमारे ७० मिलिअँपिअर करंट घेते, लोखंडी पट्टी खेचते आणि २३० व्होल्टचा कॉन्टॅक्ट जोडला जातो. मोबाइलवरून किंवा टायमरने गिझर चालू करणारी छोटी यंत्रणा बनवायची, तर बरेच जण इथूनच सुरुवात करतात.

डबी उलटी केली की पाच पिना दिसतात. एका टोकाला दोन पिना कॉन्टॅक्टच्या, दुसऱ्या टोकाला दोन कॉइलच्या. पाचवी पिन ‘कॉमन’. तिच्यावर २३० व्होल्टची फेज येते, आणि ती बसवली आहे नेमकी कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध, किंचित बाहेरच्या बाजूला. म्हणजे ज्या पिनांच्या तारा मायक्रोकंट्रोलरपर्यंत आणि कदाचित लॅपटॉपच्या यूएसबीपर्यंत जातात, त्यांच्याच कुशीत घरची फेज. ही मांडणी ज्याने ठरवली त्याला जागा वाचवायची होती हे उघड आहे. त्याची किंमत बोर्ड आखणाऱ्याला मोजावी लागते.

आधी करंटचा हिशेब. दोन किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, व्होल्टेज २५० वर गेले तर साडेनऊच्या घरात. म्हणून १० अँपिअर धरलेले बरे. साध्या बोर्डावरचे तांबे ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागाइतके जाड असते. इतक्या पातळ पट्टीतून १० अँपिअर गेले तर ती तापणारच; ती किती तापलेली चालेल एवढेच आपल्या हातात असते. आयपीसी-२२२१ या मानकातल्या सूत्राने भोवतालपेक्षा २० अंश वाढ मान्य केली, तर ट्रॅक जवळजवळ पाच मिमी रुंद लागतो. दहाच अंश हवी असेल, तर सात मिमीच्याही पुढे जातो. याच ठिकाणी एक मिमीचा ट्रॅक टाकला आणि त्याची लांबी चार सेंटिमीटर असली, तर त्यात साधारण दोन वॉट उष्णता जळते. बंद प्लास्टिकच्या डब्यात दोन वॉट थोडे नाहीत. काही महिन्यांनी ट्रॅकभोवतीचा बोर्ड तपकिरी पडू लागला, तर कारण बहुधा हेच असते. नाहीतर टर्मिनलचा स्क्रू ढिला असतो. कॉइलच्या ट्रॅकची मात्र चिंता नाही. ७० मिलिअँपिअरला अर्धा मिमीही भरपूर झाला.

मग कॉमन पिनेपासून पाच मिमीचा ट्रॅक काढावा, तर अडचण येते. ट्रॅक रिलेच्या पोटाखालून कॉन्टॅक्टच्या टोकाकडे न्यायला हवा, म्हणजे सगळी फेज एका बाजूला राहते. पण तो कॉइलच्या पिनांमधून जातो आणि त्याची कड त्यांच्या पॅडपासून सव्वादोन मिमीवर येते. इथे दुहेरी बोर्ड कामाला येतो. वरच्या आणि खालच्या थरावर अडीच-अडीच मिमीचे ट्रॅक टाकून टोकांना जोडले, तर तांबे तेवढेच मिळते आणि रुंदी निम्मी होते. आता कॉइलच्या पॅडपर्यंत साडेतीन मिमी मोकळे राहतात.

साडेतीन पुरेत का? इथे दोन अंतरे वेगळी मोजावी लागतात. माशी एका पॅडवरून दुसऱ्यावर उडत जाईल ते हवेतले अंतर, त्याला क्लिअरन्स म्हणतात. मुंगी बोर्डाला चिकटून चालत जाईल ते क्रीपेज. हवेतले अंतर विजेच्या क्षणिक उसळीसाठी असते. पृष्ठभागाचा धोका संथ असतो. बोर्डावर धूळ बसते, पावसाळ्यात ती ओल धरते, कोकणपट्टीत तिच्यात मीठही असते. त्या थरातून किंचित करंट झिरपतो, थर जागोजागी सुकतो, सुकलेल्या जागी बारीक ठिणग्या उडतात आणि बोर्डातले राळ जळून कोळसा होते. कोळशातून वीज वाहते, त्यामुळे पुढची ठिणगी आणखी सोपी. वर्षभर नीट चाललेला बोर्ड एखाद्या दमट रात्री जळतो तो असा.

आयईसी ६०६६४-१ या मानकानुसार, प्लगला लावायच्या घरगुती उपकरणात २३० व्होल्ट आणि माणसाचा हात लागू शकेल अशी बाजू यांच्यात हवेतून तीन मिमी लागतात. पृष्ठभागावरून, नेहमीच्या एफआर-४ बोर्डावर आणि साध्या घरगुती धुळीत, पाच मिमी लागतात. आपले साडेतीन हवेच्या परीक्षेत पास, पृष्ठभागाच्या परीक्षेत नापास. हिरव्या सोल्डर मास्कचा थर या हिशेबात धरायचा नसतो.

स्लॉट नेमका अशा वेळी उपयोगी पडतो. फेजचा ट्रॅक आणि कॉइलचे पॅड यांच्या मधोमध बोर्ड आरपार कापला, की मुंगीला फटीला वळसा घालावा लागतो. फट निदान एक मिमी रुंद हवी. त्याहून अरुंद असेल, तर मानक ती धुळीने बुजलीच असे समजते. लांबीत मात्र बरेच जण फसतात. पॅडएवढीच फट कापली तर वळसा इतका छोटा असतो की पाच मिमी भरतच नाहीत. या रिलेखाली ती कॉन्टॅक्टच्या दिशेने कॉइलच्या पिनेच्या साडेतीन मिमी पुढे जायला हवी आणि मागे कॉमन पिनेच्याही मिमीभर पलीकडे. एकूण साडेसहा मिमी होतात. आठ ठेवली तर निर्धास्त. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक फट. किकॅडमध्ये ती `Edge.Cuts` या थरावर आखतात आणि ग्राउंडचे तांबे त्या भागात पसरणार नाही, याची सोय वेगळी करावी लागते.

स्लॉट हवेतले अंतर वाढवत नाही. हाच नियंत्रक भिंतीतल्या स्विचबोर्डात कायमचा बसवायचा असेल, तर मानक त्याला जास्त उसळी सोसणाऱ्या गटात टाकते आणि हवेतून साडेपाच मिमी मागते. तिथे कितीही लांब फट कापा, साडेतीनचे साडेपाच होत नाहीत.

आणखी एक मर्यादा बोर्डावर नसून डबीच्या आत आहे. या रिलेच्या माहितीपत्रकात कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यातले इन्सुलेशन १५०० व्होल्टला तपासल्याचे लिहिलेले असते. हात लागणाऱ्या बाजूसाठी साधारण तीन हजार लागतात. बाजारातल्या तयार रिले मॉड्यूलवर ऑप्टोकपलर असतो आणि त्याची जाहिरातही होते. पण फेज येते ती रिलेत, ऑप्टोकपलरच्या पलीकडे. कॉइल आणि मायक्रोकंट्रोलर एकाच पाच व्होल्टवर चालत असतील, तर त्या ऑप्टोकपलरने वेगळे असे काहीच केलेले नसते.

म्हणून निळी डबीच वापरायची असेल, तर पाच व्होल्टची बाजूही २३० व्होल्टचीच समजून पूर्ण बोर्ड प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवतात, यूएसबीचे सॉकेट बाहेर काढत नाहीत, आणि प्रोग्रॅम बदलायचा तो वायफायवरून किंवा प्लग उपसून. यूएसबी बाहेर हवेच असेल, तर कॉइलच्या पिना एका टोकाला आणि कॉन्टॅक्टच्या सगळ्या दुसऱ्या टोकाला असलेला, १६ अँपिअरचा अरुंद रिले घेतात. तो थोडा महाग पडतो. पण इन्सुलेशनचा आकडा माहितीपत्रकात पाहून घेतला, की त्याच्याखाली बहुतेक वेळा फट कापावीच लागत नाही.