“अहो, गॅस बंद केलाय ना मी?”

गैरसमज : एकदा नीट खात्री दिली की काळजी मिटते.

मिटते, पण कोपऱ्यावरच्या वळणापर्यंतच. दाराला कुलूप लावून जोडपं खाली उतरतं. ती विचारते, “अहो, गॅस बंद केलाय ना मी?” तो म्हणतो, “हो गं, केलायस.” रिक्षात बसल्यावर पुन्हा तेच. मग, “तुम्ही स्वतः बघितलंत की उगाच हो म्हणताय?” इथे गॅस मागे पडला, आता शंका नवऱ्याच्या शब्दावर आहे. तो वैतागतो, “किती वेळा सांगू?” लगेच नवा प्रश्न येतो, “रागावलात का?” आता त्याचीही खात्री हवी.

उत्तर मिळालं की धाकधूक झटकन उतरते आणि विचारलं तरच बरं वाटतं, हे मनात पक्कं होतं. न विचारताही ती हळूहळू ओसरली असती, हे अनुभवायला मात्र मिळत नाही.

गैरसमज : जास्त वेळा पाहिलं तर जास्त खात्री पटते.

नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी 2003 मध्ये हे तपासलं. त्यांनी निरोगी लोकांना कॉम्प्युटरवरच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. काय तपासलं हे त्यांना बरोबर आठवत होतं, पण स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास घसरला होता आणि आठवण धूसर झाली होती. म्हणजे ‘परत जाऊन बघून ये’ हा प्रेमाचा सल्लाही उलटाच पडतो.

गैरसमज : उत्तर न देणं म्हणजे निष्ठुरपणा.

ऐन रस्त्यात अचानक तोंड बंद केलं, तर तो निष्ठुरपणाच. घरी शांतपणे बसून, दोघांनी मिळून आधी ठरवायचं : पहिल्यांदा विचारलं तर एकदा उत्तर. नंतर फक्त, “तुला धाकधूक होतेय, कळतंय मला. पण आपलं ठरलंय ना? मी आहे सोबत.” सुरुवातीला प्रश्न वाढतात, रडारडही होते. बहुतेक नवरे नेमके तिथेच विरघळतात, आणि मग जास्त रडलं की उत्तर मिळतं, हा नवाच धडा गिरवला जातो.

मुलांच्या बाबतीतही हेच. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त आईवडिलांना शिकवलं : मुलाला धीर द्या, पण त्याच्या चिंतेच्या तालावर नाचू नका. 2019 च्या अभ्यासात या मुलांची चिंता, थेट थेरपी घेतलेल्या मुलांइतकीच कमी झाली.

विचारणं आणि तपासणं यात रोज तासभर जात असेल, तर तो ‘ओसीडी’ असू शकतो. त्यावर थेरपी आणि औषधं दोन्ही आहेत. अशा वेळी घरात वाद घालत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक फिरवा.