तुमची भट्टी चालू असेल त्या दिवशी येतो

'आपल्या कारखान्याचे गुणवत्ता ऑडिट पुढील आठवड्यात घेण्याचे ठरले आहे. सर्व संबंधित कागदपत्रे तयार ठेवावीत.' औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला असा दोन ओळींचा ई-मेल आला की पुढे काय होतं ते ठरलेलं असतं. फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जातात, भिंतीवर गुणवत्ता धोरणाची नवी फ्रेम लागते आणि दोन पोरं रात्री उशिरापर्यंत बसून राहिलेली रजिस्टरं भरतात. ऑडिटवाले येतात, रंगाचा वास घेतात, फायली चाळतात आणि जेवून जातात. ज्या तक्रारीपायी ते आलेले असतात, ती पुढच्या महिन्यात पुन्हा उभी राहते. दोष ऑडिट करणाऱ्याच्या नजरेत असतोच असं नाही. बऱ्याचदा तो त्या दोन ओळींत असतो.

वाहन उद्योगात हे पत्र कोण कोणाला लिहितं, ते आधी पाहू. गाडी बनवणारी कंपनी गिअर विकत घेते. गिअर बनवणारा तो कापतो, घासतो आणि कडक करून आणण्यासाठी हीट ट्रीटमेंट करणाऱ्या वेंडरकडे पाठवतो. या साखळीतल्या गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएटीएफ १६९४९ हे मानक आहे. आपल्या पुरवठादाराकडे स्वतः जाऊन केलेल्या तपासणीला त्यात 'सेकंड पार्टी ऑडिट' म्हणतात. हीट ट्रीटमेंटसाठी 'सीक्यूआय-९' नावाची वेगळी तपासयादी आहे. अमेरिकेतल्या एआयएजी या संस्थेने ती २००६ मध्ये काढली आणि तिची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आली. हीट ट्रीटमेंटलाच वेगळी यादी का, याचं उत्तर साधं आहे. गिअरचा व्यास मोजता येतो, पण त्याचा कडक थर किती खोल गेला आहे हे बघायला गिअर कापावा लागतो. एका लॉटमधला एखादा नग कापायचा आणि बाकीच्यांबद्दल भट्टीवर भरवसा ठेवायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून भट्टीच तपासावी लागते.

आता एक प्रकरण घेऊ. समजा, चाकणच्या एका गिअर कारखान्याने भोसरीच्या वेंडरकडे पिनिअन कार्बुरायझिंगला दिले आहेत. ड्रॉइंगप्रमाणे पृष्ठभागाची कठीणता ५८ ते ६२ एचआरसी आणि कडक थराची खोली ०.८ ते १.० मिलिमीटर हवी. माल आल्यावर कापून पाहिलं, तर दोन लॉटमध्ये खोली ०.६५ च्या आसपास भरली. कठीणता मात्र बरोबर होती, त्यामुळे वेंडरच्या शेवटच्या तपासणीत काहीच खटकलं नव्हतं. गुणवत्ता विभागाने ऑडिटला जायचं ठरवलं. पत्रात काय लिहायचं?

'संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थेचे ऑडिट' असं लिहिणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी. एका दिवसात दोन माणसं खरेदीपासून प्रशिक्षणापर्यंत सगळं बघायला गेली, तर भट्टीपाशी पाऊण तास उभी राहतील. इथे प्रश्न एकच आहे: थर कमी का भरतो? त्याची कारणं थोडीच असू शकतात. भट्टीतला वेळ कमी पडला असेल. भट्टीच्या एखाद्या कोपऱ्यात तापमान पडत असेल. भट्टीतल्या वायूत कार्बन कमी असेल, म्हणजे तो मोजणारा ऑक्सिजन प्रोब चुकीचा आकडा दाखवत असेल. किंवा फिक्श्चरवर पिनिअन इतके दाटीने रचले असतील की आतल्या नगांपर्यंत वायू नीट पोचत नसेल. पत्रातली व्याप्ती या चार शक्यतांवरूनच ठरते. पार्ट कोणता, भट्टी कोणती, माल आत येण्यापासून टेंपरिंग होऊन बाहेर जाईपर्यंतचे टप्पे कोणते, हे लिहायचं. काय पाहणार नाही, तेही लिहायचं. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे बहुधा तुमच्या स्पर्धकाचाही माल असतो. त्याची कार्डं, त्याच्या सेटिंग आणि वेंडरचे दर यांना हात लावणार नाही, ही एक ओळ पत्रात असली की वेंडरचा निम्मा ताण उतरतो आणि कपाटं उघडतात.

मग तारीख. इथे सर्वाधिक चुका होतात, कारण तारीख ऑडिटरच्या सोयीने पडते. पिनिअन चालू नसलेल्या दिवशी भट्टी पाहणं म्हणजे रिकामी भट्टी पाहणं. सीक्यूआय-९ मध्ये 'जॉब ऑडिट' नावाचा एक भाग आहे: एक चालू काम निवडायचं आणि माल आवकीपासून पाठवणीपर्यंत कार्डाबरहुकूम होतंय का, ते बघायचं. त्यासाठी तुमचा माल त्या दिवशी लागलेला असायला हवा. शिवाय भट्टीचं घड्याळ वेगळं असतं. अशा थरासाठी साधारण ९२५ अंश सेल्सिअसला चारेक तास लागतात. त्याआधी तापायचा वेळ, नंतर तापमान ८४० च्या आसपास उतरवायचा वेळ, मग तेलात क्वेंचिंग, धुणं आणि दीड-दोन तासांचं टेंपरिंग. सकाळी साडेनऊला पोचून, चहा पिऊन तुमच्यासमोर भट्टी भरली, तर क्वेंचिंगच्या सुमारास तुम्ही परतीच्या रस्त्यावर असाल. म्हणून पत्रातच विनंती करायची, की पहिल्या पाळीत सहाच्या सुमारास पिनिअनचा लोड आत जावा आणि दुसरा लोड दुपारी आमच्यासमोर रचला जावा. पहिल्याचं क्वेंचिंग दिसतं, दुसऱ्याची रचना दिसते. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, हे पुण्याबाहेरचे ऑडिटर हमखास विसरतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जायचं ठरवणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

कागदपत्रांची यादी लांबवायचा मोह सगळ्यांनाच होतो. कुठल्या तरी जुन्या ऑडिटची पन्नास कलमी यादी चिकटवली की पत्र भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक कागद वरच्या चार कारणांपैकी एखाद्याला लागू पडला पाहिजे. वेळेसाठी भट्टीचा चार्ट आणि बॅच कार्ड. कोपऱ्यातल्या तापमानासाठी टीयूएस अहवाल: भट्टीत ठिकठिकाणी थर्मोकपल लावून तापमान सगळीकडे सारखं आहे का, ते तपासतात, त्याचा हा अहवाल. कार्बनसाठी शिम टेस्टची नोंद. पातळ पोलादी पट्टी भट्टीत ठेवून, तिने किती कार्बन शोषला ते वजनावरून काढतात आणि प्रोबच्या आकड्याशी ताडून बघतात. रचनेसाठी लोडिंगचं मंजूर चित्र. याशिवाय कंट्रोल प्लॅन आणि वेंडरने स्वतः भरलेली सीक्यूआय-९ ची ताजी वार्षिक तपासयादी. एवढ्यावर काम भागतं.

यातलं काय आधी पाठवायचं आणि काय जागेवर ठेवायचं, हे वेगळं लिहायला हवं. कंट्रोल प्लॅन, तपासयादी आणि टीयूएस अहवाल हे बसून वाचायचे कागद आहेत. ते आठवडाभर आधी आले, तर ऑडिटच्या दिवशी वेळ वाचतो. चार्ट आणि कार्डं मात्र जागेवरच पाहायची, तीही तीन महिन्यांची सगळी. कोणत्या लॉटची पाहणार, हे पत्रात लिहायचं नाही. ते लिहिलं, की त्या एका लॉटची फाइल लखलखीत मिळते. हा वेंडरवरचा अविश्वास नव्हे. तुम्ही निवड त्याच्यासमोर करणार आहात, एवढंच.

तर पत्र असं होईल:

'सप्रेम नमस्कार. पिनिअनच्या दोन लॉटमध्ये कडक थराची खोली कमी आढळल्याचे आपणांस कळवले आहेच. त्या संदर्भात आपल्याकडील भट्टी क्र. २ आणि तिच्याशी संबंधित टेंपरिंग यांचे प्रक्रिया ऑडिट करण्याचे योजिले आहे. इतर ग्राहकांचे काम आणि दर हे विषय यात नाहीत. मंगळवार, दि. १२ रोजी सकाळी ९.३० ते सायं. ५.३० अशी वेळ सुचवत आहोत; त्या दिवशी आमचा माल चालू नसल्यास सोयीचा दिवस कळवावा. पहिला लोड पहिल्या पाळीत सुरू व्हावा आणि दुसरा दुपारी दोननंतर रचला जावा, ही विनंती. कंट्रोल प्लॅन, सीक्यूआय-९ ची तपासयादी आणि भट्टीचा टीयूएस अहवाल दि. ५ पर्यंत पाठवावा. मागील तीन महिन्यांचे चार्ट, बॅच कार्ड, शिम टेस्टच्या नोंदी व प्रोब बदलल्याच्या नोंदी भट्टीजवळ ठेवाव्यात. भट्टीवरील ऑपरेटर आणि मेंटेनन्स प्रमुख उपस्थित असावेत. आम्ही दोघे येऊ. फोटो आपल्या परवानगीनेच घेऊ. जेवण साधे असावे, भेटवस्तू नको. निष्कर्ष त्याच दिवशी शेवटी सांगू, लेखी अहवाल आठ दिवसांत देऊ.'

हे पत्र तीन आठवडे आधी जायला हवं आणि ते मालकाबरोबर गुणवत्ता पाहणाऱ्या माणसालाही जायला हवं. नुसतं मार्केटिंगवाल्याच्या ई-मेलवर गेलं, तर भट्टीवरच्या माणसाला ऑडिट दारात आल्यावर कळतं. मेंटेनन्स प्रमुखाचं नाव पत्रात मुद्दाम आहे. प्रोब कधी बदलला आणि बदलल्यावर शिम टेस्ट घेतली का, हे गुणवत्ता विभागाला पुष्कळदा ठाऊकच नसतं.

चार्ट आणि कार्ड भट्टीजवळ का मागायचे, तेही सांगतो. कॉन्फरन्स रूममध्ये कागद एकेक करून येतात, तिथे ते शेजारी ठेवून पाहता येतात. चार्ट सांगतो, की अमुक रात्री पावणेदोनला तापमान खाली आलं आणि वीस मिनिटांनी सावरलं. बहुधा लाइट गेली असेल. बॅच कार्डवर त्या रात्री काहीच लिहिलेलं नसतं आणि भिजवण्याचा वेळ घड्याळाप्रमाणे चार तासच दाखवलेला असतो. ती वीस मिनिटं आणि पुन्हा तापायला लागलेला वेळ वाढवून दिलाच नाही, तर थर कमी भरणारच. ऑपरेटरला विचारलं, 'दादा, लाइट गेली तर काय करता?' तर तो खरं सांगतो, कारण त्याला त्याबद्दल कोणी लेखी सूचना दिलेलीच नसते. कठीणतेच्या रजिस्टरमध्ये ओळीने ६०, ६०, ६० दिसलं, तर तिथेही थांबावं. खरा टेस्टर इतका एकसारखा बोलत नाही.

पत्र मिळाल्यावर वेंडर गप्प बसला, तर ती होकाराची खूण समजू नये. फोन करावा. चांगला वेंडर बहुधा उलट उत्तर देतो: 'साहेब, मंगळवारी भट्टी दोनचं बर्नर मेंटेनन्स आहे. बुधवारी तुमचाच माल लावतो, पहिला लोड साडेपाचला टाकतो. टीयूएस मागच्या वर्षीचं आहे, नवं पुढच्या महिन्यात होणार आहे, चालेल का?' यातला बुधवार लगेच मान्य करावा. टीयूएसचं उत्तर मात्र अहवालावरची तारीख पाहून द्यावं. वर्ष उलटून गेलं असेल, तर नवं टीयूएस आधी करून घ्यावं आणि ऑडिट आठ-दहा दिवस पुढे ढकलावं. तोवर येणाऱ्या प्रत्येक लॉटमधले एकाऐवजी तीन नग कापायचे: एक फिक्श्चरच्या मधला, दोन कोपऱ्यांतले. ते कुठून काढले, याची चिठ्ठी वेंडरनेच मालासोबत पाठवायची.