परत न आलेली वाटी

माझी भाची पुण्यात एका मुलाला भेटत होती. पहिल्या चार भेटींचं बिल त्यानंच दिलं. पाचव्या वेळी ती हात धुवायच्या निमित्तानं उठली आणि काउंटरवर ६२० रुपये देऊन आली. तो गप्पच झाला. रात्री तिच्या खात्यात यूपीआयनं ६२० रुपये जमा झाले, सोबत एक शब्दही नाही. "मावशी, याचा अर्थ काय घ्यायचा?" तिनं मला विचारलं.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. देणं, घेणं आणि परत देणं या तीन गोष्टींनी माणसं बांधली जातात, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या सुमारास मांडलं. बिलाकडे मी तसंच बघते. पहिल्याच कॉफीला टीटीएमएम, म्हणजे 'तुझं तू, माझं मी' म्हणणारा माणूस वाटीच पाठवत नाही. त्याला उपकार नको असतील, महिनाअखेर असेल किंवा पुढे भेटायचंच नसेल. एका बिलावरून यातलं काहीच ठरवता येत नाही. कायम स्वतःच पैसे देणारा मात्र वाटी परत घ्यायलाच तयार नसतो.

त्यामागे संस्कारही असतात. अमेरिकेत सुमारे १७ हजार जणांच्या एका पाहणीत तीन चतुर्थांश पुरुषांनी सांगितलं, की बाईचे पैसे घेताना अपराधी वाटतं. त्याच पाहणीत ३९ टक्के बायकांनी कबूल केलं, की आपण पैसे पुढे करतो, पण त्यानं नको म्हणावं असंच मनात असतं. म्हणजे टेबलावर बोललं जातं एक आणि अपेक्षा असते दुसरीच.

म्हणून मी भाचीला बिलापेक्षा आजूबाजूचं बघायला सांगितलं. जागा कोण ठरवतं? तू नको म्हणालीस तर तो ऐकतो का? भांडणात "एवढा खर्च केला तुझ्यावर" असं निघतं का? हे वाक्य एकदा जरी आलं, तरी आधीची सगळी बिलं उधारीची होती असं मी समजेन. आणि अर्धं-अर्धं म्हणजे न्याय, असंही नाही. त्याचा पगार ९० हजार, हिचा २८. महागड्या हॉटेलात निम्मं बिल हिला किती जड जाईल, हे त्याला न सांगता कळतं का?

तिनं त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "बाबांनी आईला कधी पाकीट काढू दिलं नाही. तू पैसे दिलेस, तेव्हा वाटलं, माझं काही चुकलं." तिनं सांगितलं, "मला पण तुला काही द्यावंसं वाटतं."

पुढच्या रविवारी जागा तिनं ठरवली, एक साधं मिसळीचं दुकान. त्यानं निमूट खाल्लं, वर एक जादा पाव मागवला, आणि ती पैसे देत असताना खिशात हात घातला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "आता चहा माझा."