गल्ला दुकानाचा, खातं बायकोचं

सांगलीतल्या एका दुकानदाराचं काल्पनिक पण ओळखीचं उदाहरण घेऊ. दुकानाशेजारच्या बँकेत बायकोचं बचत खातं, म्हणून आठवड्याचा रोख गल्ला त्यातच भरायची सवय. 2024-25 मध्ये असे 11 लाख जमले. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते. खात्याला पॅन बायकोचा, त्यामुळे नोटीसही तिलाच आली: या पैशांचा स्रोत काय?

‘नवऱ्याचा धंदा आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. तसं लिहून देणारं नवऱ्याचं संमतिपत्र हवंच, पण अधिकारी पाहतो तो मेळ. नवऱ्याच्या रिटर्नमध्ये उलाढाल 38 लाख दाखवली आहे. त्याच्या चालू खात्यात विक्रीचे 27 लाख, बायकोच्या खात्यात 11 लाख. बेरीज जुळली. रोजमेळात मंगळवारी भरलेली रोकड खातेउताऱ्यातही मंगळवारीच दिसते आणि बुधवारी त्याच खात्यातून वितरकाचा चेक वटतो. माझ्या मते हा चेक सगळ्यात बोलका पुरावा. दुकानाचा माल ज्या खात्यातून खरेदी होतो, त्यात आलेला पैसा घरखर्चातून वाचवलेला आहे, असं म्हणणं मग अवघड जातं.

रिटर्नमध्ये 27 लाखच दाखवले असतील तर? घाबरून ‘माहेरून मिळाले’, ‘साठवलेले होते’ असं लिहून देण्याचा मोह होतो आणि माणसं तिथेच फसतात. माहेरच्यांकडे तेवढी ऐपत असल्याचा पुरावा मागितला जातो, तो नसतो, आणि नंतर ‘खरं तर विक्रीचे आहेत’ म्हटलं तर ते पश्चातबुद्धीचं ठरतं. स्रोत पटला नाही तर त्या वर्षाच्या कायद्यानुसार अशा रकमेवर अधिभार आणि उपकर धरून 78 टक्के कर लागतो, म्हणजे 8 लाख 58 हजार. विक्री सिद्ध झाली तर छोट्या व्यापाऱ्याच्या अंदाजित नफ्याच्या तरतुदीत रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरतात. तो होतो 88 हजार, आणि कर फक्त त्या नफ्यावर. लपवलेल्या उलाढालीचा दंड आणि व्याज नवऱ्याच्या माथी येऊ शकतं, तरीही खरं सांगणंच स्वस्त पडतं. या तरतुदीत हिशेबवह्या ठेवण्याची सक्ती नाही, पण पैसे विक्रीचेच आहेत हे दाखवण्याची जबाबदारी त्यामुळे सुटत नाही.

त्या 11 लाखांत मार्चमधला अडीच लाखांचा एकरकमी भरणा असेल आणि तो सोनं मोडून आलेला असेल, तर तो विक्रीत ढकलू नये. सराफाची पावती जोडून वेगळा दाखवावा. तेव्हा विक्रीची बेरीज साडेआठ लाखच येईल आणि नवऱ्याच्या उलाढालीशी तीच जुळवावी लागेल.