पंप सुरू होण्याआधी विहीर मोजा

गावातल्या पोरांना फोनवर पाणवठ्यांचा नकाशा करायला शिकवायचे असेल, तर सत्राची वेळ शेतीच्या विजेवरून ठरवावी. पंप चालला की विहिरीची पातळी उतरते आणि भरून यायला कित्येक तास लागतात. म्हणून वीज दिवसपाळीला असेल तो आठवडा निवडावा आणि पहाटेच सुरुवात करावी. ‘कोबो कलेक्ट’ हे अ‍ॅप आणि त्यातला फॉर्म आदल्या दिवशीच उतरवून घ्यावा. मग शिवारात रेंज नसली तरी अडत नाही.

६.०० ते ६.३० : फोनची परीक्षा. सगळ्यांनी मोकळ्या मैदानात एकाच दगडाशी उभे राहून जागेची नोंद करावी. प्रत्येक फोन थोडी वेगळी जागा दाखवतो. स्क्रीनवरची अचूकता ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचे. मग हाच सराव दाट झाडाखाली करायचा. तिथे चूक वाढते, आणि विहीर शेजाऱ्याच्या वावरात कशी जाते ते मुलांना लगेच कळते.

६.३० ते ९.०० : शिवारफेरी. तिघांचा एक गट : एकाकडे फोन, दुसऱ्याकडे वजन बांधलेला टेप, तिसऱ्याकडे वही. विहिरीत कोणी उतरायचे नाही. कठड्याच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. समजा, पहिल्या विहिरीवर टेप ९.४ मीटर दाखवतो आणि कठडा ०.८ मीटर उंच आहे. म्हणजे पाणी जमिनीपासून ८.६ मीटर खाली. दुसऱ्या विहिरीला कठडाच नाही, टेप ८.९ दाखवतो. नुसता टेप पाहिला तर दुसऱ्या विहिरीचे पाणी वर वाटते. खरे तर ते ३० सेंटिमीटर अधिक खोल आहे. रात्री कोणी पंप चालवला होता का, हेही मालकाला विचारून लिहायचे.

९.०० ते ९.३० : न्याहारी.

९.३० ते ११.०० : नकाशाची छाननी. सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून पाहायच्या. दोन खुणा अगदी जवळ असतील तर विहिरी दोन की एकच दोनदा नोंदली, हे फोटोवरून ठरवायचे. फोटो अ‍ॅपमधूनच काढावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली जागेची माहिती निघून जाते.

११.०० ते १२.०० : जाणत्यांची बैठक. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणता आड बुजवला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून नकाशावर भरायचे.

फोन समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, पण ती बरीच चुकते. तिच्यावरून पाणी कोणत्या दिशेला वाहते हे ठरवू नये. तसेच एकदाच घेतलेल्या मोजमापावरून बोअरची जागाही ठरवू नये. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते. गावाने निदान मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्याच विहिरी, कठड्याच्या त्याच खुणेवरून मोजाव्यात.