केळ्यांचा कंटेनर आणि रशियन कागद

भारतातून रशियाला केळ्यांची पहिली खेप जानेवारी 2024 मध्ये निघाली, असे रशियाच्या वनस्पती-आरोग्य यंत्रणेने, रोस्सेलखोझनाद्झोरने, जाहीर केले होते. इक्वेडोरच्या मालात माशी सापडल्याने तेव्हा तिथल्या काही पुरवठादारांवर बंदी आली होती. समजा, एखाद्या बागेतली जी-नाइन केळी उद्या त्याच वाटेने निघाली, तर तिच्या कागदांचे रशियन भाषांतर कसे करायचे?

सुरुवात फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रापासून करावी. त्यातला छापील मजकूर आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या नमुन्याचा असतो आणि त्या कराराचा अधिकृत रशियन पाठ उपलब्ध आहे. तो जसाच्या तसा घ्यावा, स्वतःची वाक्ये बनवू नयेत. वनस्पतिशास्त्रीय नावाचा रकाना लॅटिन लिपीतच ठेवायचा. मुळात `Musa spp.` असेल तर `Musa spp.` च राहील. `Musa acuminata` जास्त नेमके आहे म्हणून ते लिहिले, तर दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात. मालाच्या नावात ‘ताजी फळे’ स्पष्ट हवे, कारण केळीची रोपे हा क्वारंटाइनच्या दृष्टीने वेगळाच माल आहे.

प्रतवारी या प्रमाणपत्रात नसते. ती इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमध्ये येते, आणि खरी गफलत तिथेच होते. रशियन ‘सोर्त’ हा शब्द वाणालाही चालतो आणि प्रतीलाही. म्हणून ‘सोर्त’ फक्त ग्रँड नैन या वाणासाठी राखावा आणि दर्जासाठी ‘क्लास’ लिहावे: एक्स्ट्रा, पहिला, दुसरा. त्यातच कोडेक्सच्या केळी मानकात ‘ग्रेड’ म्हणजे दर्जा नव्हे, तर फळाची जाडी. कॅव्हेंडिश गटासाठी लांबी किमान 14 सेंमी आणि ही जाडी किमान 2.7 सेंमी सांगितली आहे. इंग्रजी यादीत ‘ग्रेड’समोर सेंटिमीटर दिसले की रशियनमध्ये व्यास लिहायचा. त्याऐवजी ‘सोर्त 2.7’ उतरले, तर वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही.

शेवटी कंटेनर क्रमांक तपासावा. रशियन कीबोर्डवरची M, C, H ही अक्षरे लॅटिनसारखीच दिसतात, पण संगणक ती वेगळी मानतो. हे डोळ्यांना कळत नाही. इंग्रजी प्रतीतला क्रमांक कॉपी करून रशियन फाइलमध्ये शोधावा. सापडला नाही, तर एखादे अक्षर चुकीच्या लिपीतले असेल किंवा क्रमांकच चुकीचा उतरला असेल. पेट्यांची संख्या आणि निव्वळ वजन सगळ्या कागदांवर एकच हवे.

मूळ प्रमाणपत्रातच चूक दिसली तर ती भाषांतरात गुपचूप सुधारायची नाही. ज्या क्वारंटाइन कार्यालयाने ते दिले, तिथूनच दुरुस्त प्रमाणपत्र घ्यायचे, आणि तेही जहाज सुटण्याआधी.